सिमेंटची बॅग दगड कशी होते: थप्पी, पावसाळा आणि मागचा कोपरा

चिपळूणकडे आमचं सिमेंटचं छोटं गोडाऊन होतं, जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, पुढे रोलिंग शटर. एका ऑगस्टमध्ये माल काढता काढता मागच्या कोपऱ्यात पोचलो तर आमचे जुने हमाल, त्यांना आम्ही तात्याच म्हणायचो, त्यांनी एका बॅगेवर नुसता हात आपटला आणि म्हणाले, "शेठ, ही गेली." आवाज भरलेल्या पोत्यासारखा येत नव्हता, चिऱ्यावर थाप मारल्यासारखा येत होता. मोजल्या तर अशा ६४ निघाल्या. बॅगेवरचा पॅकिंगचा आठवडा बघितला तर एप्रिलचा. साडेतीनशेच्या हिशोबाने बावीस हजारांच्या वर माल त्या कोपऱ्यात पडून गेला आणि गंमत म्हणजे छपराला एक थेंब गळती नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की सिमेंट भिजल्याने जेवढं जातं त्याच्यापेक्षा जास्त ते विसरल्याने जातं.

आता हे होतं कसं ते बघू. सिमेंट म्हणजे इतकी बारीक पूड की आपल्या डोळ्याला तिच्या बारीकपणाचा अंदाजच येत नाही. पीपीसी, म्हणजे फ्लाय अॅशवालं जे आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं, त्याला भारतीय मानकाप्रमाणे एका किलोत निदान ३०० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. म्हणजे सगळ्या कणांची सालं काढून जमिनीवर अंथरली असं समजा. ५० किलोच्या एका बॅगेचे झाले १५,००० चौरस मीटर, म्हणजे साडेतीन एकराच्या वर रान. एवढं रान तुम्ही एका विणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलंय आणि ती पिशवी हवाबंद नाही. धाग्यांच्या विणीतून हवा जाते, भरताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून बारीक भोकंही असतात, आणि भरायचा जो कोपरा असतो तो शिवलेला नसतो, आतल्या मालाच्या दाबाने मिटलेला असतो एवढंच. तेव्हा कोकणातल्या जुलैची हवा, जिच्यात धुतलेला टॉवेल चार दिवस वाळत नाही, ती बॅगेत शिरणारच. शिरली की कणांच्या वरच्या थरावर पाण्याशी जी क्रिया तुमच्या स्लॅबमध्ये व्हायला हवी ती इथेच थोडी थोडी सुरू होते, कण एकमेकांना चिकटतात आणि गाठी पडतात.

पण सगळ्या गाठी अशाच नसतात, आणि इथेच लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण चांगला माल फेकतात, काही जण मेलेला माल वापरतात. एक गाठ असते दाबाची. बॅग थप्पीत खूप खाली असली की वरच्या वजनाने आतली पूड नुसती आवळून बसते, कणाला कण अडकतो, बॅग फळीसारखी ताठ लागते. यात रासायनिक काही झालेलं नसतं. बॅग खाली घेऊन जमिनीवर दोनचार वेळा लोळवली की ती परत मऊ होते, आत हात घातला तर पूड सुळसुळीत. दुसरी गाठ दमटपणाची, ती लोळवून जात नाही. ती बहुतेक बाहेरून सुरू होते, म्हणजे बॅगेच्या सालीला लागून एक पापुद्रा धरतो, मग कोपरे, मग जी बाजू भिंतीकडे किंवा जमिनीकडे होती ती. बॅग कापली तर वर कवच आणि मध्ये पूड असं दिसतं.

ओळखायची पद्धत सोपी आहे. गाठ काढा, अंगठा आणि बोटात धरून दाबा. पीठ झालं तर दाबाची. बोटाने फुटत नाही, आपटल्यावर खड्यासारखे तुकडे होतात, तर ते सिमेंट आता सिमेंट नाही. आणि इथे साइटवर हमखास होणारी एक चूक सांगतो, लोक असल्या बॅगेचं सिमेंट चाळणीने चाळतात, खडे बाजूला टाकतात आणि खाली पडलेली पूड कॉलमला वापरतात. त्यांना वाटतं खराब तेवढं निघालं. अहो, गाठ होण्याइतका ओलावा जिथे पोचला तिथल्या सुट्या कणांवरही तो बसलेला असतोच, ते नुसते एकमेकांना चिकटले नाहीत एवढंच. ती पूड दिसायला ठीक, पण ताकद आधीच काही खाल्लेली. बांधकामाच्या पुस्तकांतला ढोबळ आकडा असा आहे की साध्या साठवणीत तीन महिन्यांत सिमेंटची ताकद साधारण २० टक्के उतरते आणि सहा महिन्यांत ३० टक्के. हा आकडा काही वेदवाक्य नाही, कोरड्या गोडाऊनात कमी, समुद्राकाठी जास्त, पण दिशा कळते.

एक अपवाद सांगून ठेवतो कारण त्यावरून डिस्ट्रिब्युटरशी भांडणं होतात. कधीकधी गाठीचा दोष गोडाऊनचा नसतो. सिमेंटमध्ये जिप्सम असतं, त्याच्या अंगात पाणी असतं, आणि सिमेंट फार गरम असताना कारखान्याच्या सायलोत, म्हणजे साठवणीच्या उंच टाकीत, पडून राहिलं तर जिप्सम ते पाणी सोडतं आणि आतल्या आतच गाठी धरतात. अशा वेळी गाडीतून उतरलेल्या ताज्या बॅगेतच, अगदी मधोमध, गोळे निघतात आणि सालीजवळचं मात्र ठीक असतं. बाहेरून आत की आतून बाहेर एवढं बघितलं तरी कुणाशी भांडायचं ते कळतं.

आता थप्पीकडे येऊ. बांधकाम साहित्य साइटवर कसं रचायचं याचं आपल्याकडे एक भारतीय मानक आहे, आयएस ४०८२, त्यात सिमेंटची थप्पी दहा बॅगांपेक्षा उंच करू नका असं दिलंय, आणि कारणही दिलंय की दाबाने गाठी होऊ नयेत. दहाची थप्पी लावली तर सगळ्यात खालच्या बॅगेवर वरच्या नऊ, म्हणजे ४५० किलो. चौदाची लावली तर ६५० किलो. आता कुणी म्हणेल दाबाची गाठ तर लोळवून जाते, मग काय बिघडलं. बिघडतं असं की आवळलेल्या पुडीत कण एकमेकांना टेकून असतात, त्यात थोडासा जरी दमटपणा आला तर चिकटायला त्यांना अंतरच उरत नाही. त्यामुळे खालच्या दोन थरांत दाब आणि ओल दोन्ही मिळून काम करतात, आणि नेमके तेच थर जमिनीजवळ. आमच्या त्या ६४ मधल्या बहुतेक खालच्या चार थरांतल्याच होत्या. मी स्वतः नंतर दहाच्या वर कधी गेलो नाही, गोडाऊन अर्धं रिकामं दिसलं तरी चालेल.

आठच्या वर जायचंच असेल तर एक थर उभा एक थर आडवा अशी बांधणी करायची, विटांच्या भिंतीत करतो तशी, नाहीतर नुसत्या एकावर एक रचलेल्या थप्पीचा एखादा कोपरा खाली येतो आणि ५० किलोची बॅग डोक्याच्या उंचीवरून अंगावर पडली तर काय होतं ते हमालांना विचारा. थप्पीची रुंदी तीन मीटरच्या आत, म्हणजे बॅगेच्या चार लांब्या. का, तर मधल्या बॅगेपर्यंत हात पोचायला हवा, नजर पण.

खाली फळ्या. नुसता कोबा आहे म्हणून जमीन कोरडी असं समजू नका, कोबा खालून पाणी ओढतो, चहात बिस्किट बुडवल्यावर चहा जसा वर चढतो तसाच. म्हणून चिऱ्याच्या किंवा विटांच्या आधारावर फळ्या टाकून जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, उंच. भिंतीपासून ४५ सेंटिमीटर लांब, म्हणजे साधारण हातभर. जांभ्याची भिंत पावसाळ्यात किती पाणी पिते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, हात लावला तर गार आणि ओलसर लागते. ही हातभर जागा सोडायला लोकांच्या जिवावर येतं. पण तीच जागा तुम्हाला थप्पीच्या मागे जाऊन बघायला देते, आणि न बघितलेली बाजूच आधी जाते.

आता हवेचं. माझा एक पाहुणा नाशिककडचा, कांदेवाला, तो एकदा आला आणि शटर बंद बघून म्हणाला, "अरे कोंडून काय ठेवलंस, हवा खेळती राहू दे." कांद्याच्या चाळीला ते बरोबर, कांदा श्वास घेतो, वारा लागला नाही तर सडतो. सिमेंटचं बरोबर उलटं. पावसाळ्यात आत आलेली प्रत्येक झुळूक पाणी घेऊनच येते. खिडक्या कमीत कमी, त्याही बंद, दार घट्ट बसणारं, माल काढायचा तेवढा वेळच उघडायचं. शिवाय पावसाळ्याआधी थप्पी प्लास्टिकच्या जाड कागदात बांधायची, म्हणजे फळ्यांवर आधी कागद अंथरायचा, त्यावर बॅगा, आणि चारी बाजूंनी कागद वर घेऊन डोक्यावर घडी घालून बंद करायचा. नुसती वरून ताडपत्री टाकणं म्हणजे अर्धं काम, कारण ओल फक्त वरून येत नाही. हो, पत्र्याच्या छपराखाली पहाटे आतल्या बाजूने थेंब धरतात आणि टपकतात, ती गळती नसते पण बॅगेला काय फरक पडतो. त्यासाठी वरची घडी. पण हे सगळं नुसता वेग कमी करतं. कागदात गुंडाळलेली बॅग दिवाळीपर्यंत ताजी राहील असं कुणी समजू नये.

म्हणून खरा मुद्दा जुना माल आधी काढणं. ऐकायला हे इतकं साधं वाटतं की सगळे मान डोलावतात आणि कुणीच करत नाही, कारण गोडाऊनचं दारच तुमच्या विरोधात असतं. गाडी आली, हमालांनी माल दारापासून आत नेऊन आधीच्या थप्पीला लागून लावला. गिऱ्हाईक आलं, हमालाने दाराजवळची बॅग उचलली, म्हणजे कालची. उद्या परत गाडी, परत पुढे. मागची थप्पी एप्रिलची आहे ती आहेच, तिला कुणी शिवत नाही. यात हमालाचा दोष नाही, ५० किलो पाठीवर घेऊन कुणी वीस पावलं जास्त का चालेल, त्याची मजुरी बॅगेवर आहे, पावलांवर नाही. दोष रचनेचा.

आम्ही मग रचनाच बदलली, ते जरा हिशोबाने सांगतो. गोडाऊन ३० फूट बाय २० फूट. भिंतीला लावून, चौदाच्या थराने, कोंबून भरलं तर दोन हजारांच्या थोड्या वर बॅगा मावतात, आणि आधी आम्ही दोन हजारांपर्यंत भरायचोही. नव्या पद्धतीत भिंतीपासून हातभर सोडलं, मध्ये लांबीने एक आणि आडवी एक अशी अडीच फुटी वाट सोडली, त्या अधिक चिन्हाने चार चौकोन पडले. प्रत्येक चौकोनात एका थराला बावीस-चोवीस बॅगा, दहा थर, म्हणजे सव्वादोनशे धरा, चारांचे मिळून ९००. दहा टनाची गाडी म्हणजे २०० बॅगा, एका चौकोनात एक गाडी आरामात. नियम एकच ठेवला, एका चौकोनात एकाच आठवड्याचा माल, आणि तो पूर्ण संपल्याशिवाय त्यात दुसरा टाकायचा नाही. प्रत्येक थप्पीला एक पाटी, पाटीवर खडूने आठवडा आणि कुठलं सिमेंट. ज्या थप्पीतून आज माल द्यायचा तिच्यावर लाल फडकं. तात्यांना वाचता येत नव्हतं पण फडकं दिसत होतं, काम झालं.

आठवडा कुठून आणायचा, तर बॅगेवरच छापलेला असतो, पॅकिंगचा आठवडा आणि साल. बघायची सवय नसते एवढंच. मानकात असं आहे की विक्रेत्याकडे बॅगेतलं सिमेंट टेस्टिंगनंतर तीन महिन्यांच्या वर राहिलं तर परत टेस्ट केल्याशिवाय वापरू नये. तीन महिने म्हणजे १३ आठवडे. मग हिशोब लहान मुलालाही जमेल असा आहे, चालू आठवड्यातून बॅगेवरचा आठवडा वजा करा, मध्ये साल बदललं असेल तर आधी चालू आठवड्यात ५२ मिळवा, १३ च्या वर आला तर ती बॅग विकायची नाही.

आणि याच हिशोबाने कळतं की पावसाळ्यात किती माल भरायचा. मे महिन्यात आमचा खप दिवसाला ६० बॅगा, ९०० बॅगा पंधरा दिवसांत साफ, काळजी नाही. जूनच्या मध्यावर, म्हणजे २४ व्या आठवड्यात, काम बसतं आणि खप येतो १५ वर. समजा तेव्हा चारही चौकोन भरलेत आणि माल २२ व्या आठवड्याचा आहे, कारखाना, रेल्वेचा माल धक्का, डेपो असं करत यायला दोन आठवडे जातातच. ९०० भागिले १५ म्हणजे ६० दिवस, आठवड्याला सहा दिवस दुकान धरलं तर दहा आठवडे. शेवटची बॅग ३४ व्या आठवड्यात निघेल तेव्हा ती १२ आठवड्यांची. वरवर बघता १३ च्या आत आहे. पण गिऱ्हाईक ती नेऊन पावसात काम थांबलं म्हणून अजून दोन आठवडे शेडमध्ये ठेवणार, झाले १४. आणि हे सगळं जुना माल शिस्तीत आधी काढला तरचं गणित आहे. म्हणून जूनमध्ये दोनच चौकोन भरायचे. ४५० बॅगा पाच आठवड्यांत निघतात, शेवटची बॅग सात आठवड्यांची, गिऱ्हाइकाला सहा आठवडे हातात राहतात.

इथे एक अडचण येते ती पण सांगतो, कंपनीची जूनअखेरची स्कीम. अमुक टन उचला, बॅगेमागे एवढा डिस्काउंट. बॅगेमागे दहा रुपये वाचवायला ४५० बॅगा जास्त घेतल्या तर वाचले साडेचार हजार, आणि त्यातल्या तेरा बॅगा जरी दगड झाल्या तरी ते साडेचार हजार गेले. तेरा बॅगा म्हणजे थप्पीचा एक कोपरा. स्कीम घेऊ नका असं म्हणत नाही, हे भागाकार करून मग घ्या.

माल बाहेर जाताना पण तेवढंच बघावं लागतं. गाडी भरायच्या आधी फाळका उघडून आत बघायचं, लाकडात वर आलेला खिळा आहे का, तळ ओला आहे का, आणि आधी काय भरलं होतं. साखर किंवा गुळाची खेप मारून आलेली गाडी न झाडता सिमेंटला लावू नका, साखर अगदी थोडी जरी सिमेंटात मिसळली तरी ते सेट व्हायला फार वेळ घेतं आणि मग मिस्त्री म्हणतो सिमेंट डुप्लिकेट होतं. ताडपत्री वरून तर सगळेच टाकतात, घाटातल्या पावसात खालून चाकांचं पाणी उडतं आणि फाळक्याच्या फटीतून आत येतं ते कुणी बघत नाही, म्हणून एक तळाला पण. हुक लावून बॅग ओढायची नाही, छोटंसं भोक पडलं की पूड सांडते ती वेगळी आणि त्या भोकातून हवा जाते ती वेगळी. उतरवताना पाऊस आला तर थांबायचं, ड्रायव्हर कितीही कटकट करो. आणि वाटेत ओली झालेली बॅग वेगळी काढून चलनावर लिहून परत पाठवायची, ती कोरड्या थप्पीत घुसली तर शेजारच्या दोन घेऊन मरते.

थप्पीतून काढताना नुसते वरचे थर सोलत जाऊ नका, खालचे थर मग सगळ्यात शेवटी निघतात आणि दाबात पण तेच जास्त दिवस असतात. पुढच्या बाजूने पायऱ्या पायऱ्या करत खालपर्यंत यायचं, म्हणजे थप्पी ढासळत पण नाही. महिनाभर हललीच नाही अशी थप्पी असेल तर एकदा उलटी करून लावायची, खालची वर. हमाली दोनदा जाते हे खरं. आम्ही ती फक्त जुलैत एकदा द्यायचो.

त्या ६४ बॅगांचं काय झालं म्हणाल, तर दहा-बारा बोटाने फुटणाऱ्या गाठींच्या निघाल्या, त्या गिऱ्हाइकाला वय सांगून, टेस्ट नाही हे सांगून, कंपाउंडच्या प्लास्टरला कमी भावात दिल्या, स्लॅब-कॉलमला नाही. बाकीच्या फोडायला घणच लागला. गोडाऊनसमोर पावसात चिखल व्हायचा तिथे ते ढेकळं टाकून वर मुरूम पसरला, गाड्या अजून त्याच्यावरूनच मागे लागतात.